बेरोजगार पदवीधरांवरच्या निबंधात 'ॲनॉमी' लावताना अडकले आहे

सायली_ऐरोली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्रात एमए करते आहे, दूरशिक्षणातून, दुसरं वर्ष. दिवसभर ऑफिस असतं, वर्गात बसून शंका विचारायची सोय नाही, म्हणून इथे धागा काढते आहे.

तीन हजार शब्दांचा निबंध द्यायचा आहे. विषय असा: 'बेरोजगार तरुण पदवीधरांमधील वाढती अस्वस्थता ॲनॉमीच्या संकल्पनेच्या आधारे स्पष्ट करा.' ॲनॉमी म्हणजे प्रमाणकशून्यता, समाजातले नियम ढिले पडणं, ही फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डरखाइमची कल्पना. नुसतं पुस्तकातून उतरवायचं नव्हतं, म्हणून सात जणांशी बोलले. चार जण ठाणे स्टेशनजवळच्या एका अभ्यासिकेतले, तीन आमच्या ऐरोली-रबाळे भागातले. प्रत्येकाशी तास-दीड तास बोलले, टिपणं काढली.

पहिला खर्डा मॅडमनी परत पाठवला. समासात एवढंच लिहिलं होतं: 'यात ॲनॉमी कुठे आहे? हे तर दुःखाचं वर्णन झालं.' ज्या परिच्छेदावर खूण होती तो जसाच्या तसा देते:

'आजचा पदवीधर एकाकी, निराश आणि दिशाहीन झाला आहे. त्याला झोप लागत नाही, तो नातेवाइकांना टाळतो, त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे. डरखाइमने सांगितलेली प्रमाणकशून्यता ती हीच.'

मला खरंच कळत नाही यात चूक काय आहे. सातही जणांनी मला हेच सांगितलं.

---

तर्कनिष्ठ

चूक सोपी आहे. ॲनॉमी म्हणजे ध्येय आणि साधनं यांच्यातली फट. समाज सांगतो गाडी घ्या, फ्लॅट घ्या, आणि ते मिळवायचा सरळ रस्ता देत नाही. ही फट पडली की माणूस पाच पद्धतींनी वागतो, त्या पाच लिहा आणि तुमचे सात जण त्यांत बसवा, निबंध झाला. डरखाइम आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टन दोघांचं म्हणणं तेच आहे, मर्टनने फक्त तक्ता केला.

शिवाय बेरोजगारी दर वर्षी वाढतेच आहे. ती आकडेवारी सुरुवातीला टाका म्हणजे 'वाढती' हा शब्दही सिद्ध होतो.

---

रोहन_कळवा

ताई, राग मानू नका, पण वाचून बरं वाटलं नाही. मी अठ्ठावीसचा आहे, बीएस्सी, चार वर्षं एमपीएससी करतोय. आम्हाला 'दिशाहीन' कोण म्हणतं? सकाळी सातला अभ्यासिकेत जातो, रात्री दहाला निघतो. महिन्याचे बाराशे रुपये भरून खुर्ची घेतली आहे. वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर आहे. माझ्याइतकी दिशा असलेला माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा नाही.

त्रास वेगळाच आहे. 'सध्या काय करतोस?' या एका प्रश्नाचा. मागच्या महिन्यात आत्तेभावाच्या लग्नाला गेलो नाही, घरात अभ्यासाचं कारण दिलं. उपाय सांगणार असाल तर सांगा, आमच्यावर शिक्का मारणार असाल तर नको.

---

सायली_ऐरोली

रोहन, शिक्का मारायचा नव्हता. 'दिशाहीन' हा शब्द माझा आहे, सातांपैकी एकानेही तो वापरला नव्हता, हे आत्ता टिपणं परत चाळल्यावर लक्षात आलं. तो काढते.

उपाय मात्र माझ्याकडे नाही. मी फक्त निबंध लिहिते आहे.

---

वसंत_नौपाडा

सायली, मी समाजशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तुझ्या मॅडमची खूण योग्य जागी आहे. रोहनने त्याचं कारण नकळत सांगून टाकलं आहे, तिथूनच सुरुवात करू.

झोप न लागणं, नातेवाइकांना टाळणं, आत्मविश्वास जाणं, या माणसाच्या अवस्था झाल्या. डरखाइमच्या लेखी ॲनॉमी ही समाजाची अवस्था आहे. माणूस ॲनॉमिक नसतो, तो ज्या नियमांत राहतो ते ढिले पडलेले असतात. तू परिणाम मांडलेस आणि त्यालाच कारणाचं नाव दिलंस. ताप मोजायचा आणि तापालाच मलेरिया म्हणायचं, तसं झालं ते.

आता त्याचा मूळ मुद्दा. १८९७ च्या 'आत्महत्या' या ग्रंथात तो एक साधं निरीक्षण मांडतो. मंदी आली की आत्महत्या वाढतात, हे सगळ्यांना पटतं. १८७३ साली व्हिएन्नात बाजार कोसळला तेव्हा तसं झालंच. पण भरभराट झाली तरीही त्या वाढतात. एकीकरणानंतर इटलीत व्यापार वाढला, मजुरी वाढली, आणि आत्महत्याही वाढल्या. मग पैशाची चणचण हे कारण कसं असेल? तो म्हणतो, कारण वेगळं आहे. कुठल्या कामाला किती मिळावं, कोणत्या थरातल्या माणसाने किती अपेक्षा ठेवावी, याचं एक माप प्रत्येक समाजात लोकांच्या मनात असतं. कायद्यात लिहिलेलं नसतं, पण सगळे ते मानतात. पटकन वर गेलं किंवा पटकन खाली आलं की ते माप मोडतं. नवं तयार व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात माणसाला 'किती पुरे' हे सांगणारं कोणी नसतं.

तेव्हा निबंधात तुला दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. आधी कुठलं माप होतं, आणि आता ते कसं मोडलं आहे. दुःख त्यानंतर येतं.

तर्कनिष्ठ, मर्टनबद्दल नंतर लिहितो. दोघांचं म्हणणं एक नाही.

---

सायली_ऐरोली

सर, खूप आभार. पण माप मोडलं हे मुलाखतीत दिसतं कसं? कोणी 'माझं माप मोडलं' असं थोडंच म्हणणार?

---

वसंत_नौपाडा

नाहीच म्हणणार. तुझ्या सात मुलाखतींत पैशाबद्दल किंवा 'किती मिळालं तर चालेल' याबद्दल काही आहे का? असेल तर न सुधारता इथे टाक. नावं नकोत.

---

सायली_ऐरोली

एकाचं आहे. त्याला 'अ' म्हणते. बीकॉम, २०१९ साली पास, वय सत्तावीस. मध्ये सात महिने बॅक ऑफिसला रात्रपाळी केली, कंत्राट संपलं, तेव्हापासून घरी आहे. अधूनमधून बँकेचे फॉर्म भरतो. वडील वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत टर्नर होते.

टिपणात असं आहे. सुरुवातीला म्हणाला, 'पंधरा हजार मिळाले तरी चालेल, घरात बसून तरी राहणार नाही.' पंधरा-वीस मिनिटांनी मित्रांचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, 'पन्नासच्या खाली काय करायचं, ठाण्यात वन बीएचकेचा हप्ता पण निघणार नाही.' निघताना म्हणाला, 'क्लास वन झालो तर पगाराचं काय घेऊन बसलात.'

हे तिन्ही मी खर्ड्यात घेतलं नाही. एकाच तासात तो तीन वेगवेगळी उत्तरं देतोय, म्हणजे गोंधळलाय किंवा माझ्याशी नीट बोलत नाहीये, असं वाटलं.

---

वसंत_नौपाडा

तू टाकून दिलंस ते तुझ्याजवळचं सगळ्यात मोलाचं वाक्य होतं!

तो गोंधळलेला नाही. तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्ही त्याला कुठून ना कुठून मिळालेले आहेत. पंधरा हजार हा आकडा त्याला मिळू शकणाऱ्या कामाचा. पन्नास हा ठाण्यातल्या घराच्या किमतीचा. तिसऱ्याला आकडाच नाही. यांतला कुठला त्याच्यासारख्याला साजेसा, हे ठरवणारा नियम त्याच्यापाशी नाही. त्याच्या वडिलांना हाच प्रश्न १९९० साली विचारला असता तर त्यांनी एक आकडा सांगितला असता आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसानेही जवळपास तोच सांगितला असता. कंपनीत ट्रेनी म्हणून लागायचं, कन्फर्मेशनचं पत्र यायचं, मग लग्न, मग कळव्याला किंवा लोकमान्यनगरला खोली. कोणाच्या वाट्याला किती, हे चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सुख होतं असं मी म्हणत नाही. माप होतं.

ॲनॉमी दिसते ती अशी. उत्तर एका तासात तीन ठिकाणी सरकतं, आणि सरकलं हे सांगणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. उरलेल्या सहा टिपणांत हेच शोध. सगळ्यांत सापडलं नाही तर तेही लिही.

---

सुनील_घणसोली

सायलीताई, विषय थोडा वेगळा आहे, पण सरांनी भरभराटीचं लिहिलं म्हणून सांगतो. आम्ही गावठाणातले, प्रकल्पग्रस्त. सिडकोने जमिनी घेतल्या, नंतर साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. आमच्या आळीत अशी घरं आहेत जिथे वरचे तीन मजले भाड्याने आहेत आणि पोरगा ग्रॅज्युएट होऊन बसलेला आहे. पैशाची ददात नाही. पण त्या पोराची अवस्था बघवत नाही. आजोबा मिठागरावर आणि भातशेतीत होते, त्यांना सकाळी उठून कुठे जायचं ते ठाऊक होतं. बापाने जमिनीचं आंदोलन बघितलं, त्यालाही ठाऊक होतं आपण कशासाठी आहोत. पोराला बारा हजाराची नोकरी करायला लाज वाटते, कारण तेवढं एका खोलीचं भाडं येतं. मोठी नोकरी मिळत नाही. लोक म्हणतात माजलेत. माजलेला माणूस दुपारी तीनपर्यंत झोपून राहत नाही हो.

हे तुमच्या निबंधात बसतं की नाही माहीत नाही.

---

वसंत_नौपाडा

सुनीलराव, बसतं, आणि अगदी मधोमध बसतं. बेरोजगार पदवीधराचा त्रास म्हणजे केवळ पैशाची चणचण असता, तर तुमच्या आळीत तो दिसायलाच नको होता. बारा हजार एका खोलीचं भाडं येतं, हे तुमचं वाक्य म्हणजे श्रमाचं माप मोडल्याचं उदाहरण आहे. सायली, परवानगी घेऊन हे वापर.

---

तर्कनिष्ठ

म्हणजे डरखाइमच्या मते गरिबाला त्रास होत नाही असं झालं. हे मला धोकादायक वाटतं.

---

वसंत_नौपाडा

आक्षेप रास्त आहे. गरिबी माणसाला आत्महत्येपासून वाचवते, कारण ती आधीच लगाम घालते, असं त्याने म्हटलं आहे खरं. त्याच्या बोलण्याचा विषय आत्महत्येचं प्रमाण हा होता, दुःखाचं मोजमाप नव्हे. तरीही हे वाक्य नंतरच्या अभ्यासकांना खटकलं आहे आणि मलाही खटकतं. गरिबाने गप्प राहावं याची सोय त्यातून होते. सायलीने ते वापरायचं तर टीकेसह वापरावं.

आता मर्टन. त्याचा लेख १९३८ चा, अमेरिकेतला. डरखाइमच्या मते गोंधळ असा की इच्छेला सीमाच उरत नाही. मर्टनच्या मते इच्छा अगदी ठरलेली असते, सगळ्यांना सारखीच शिकवलेली असते, आणि रस्ता काहींनाच मिळतो. एकाचं दुखणं ध्येय धूसर झाल्याचं, दुसऱ्याचं ध्येय फार पक्कं असल्याचं. 'अ' साठी डरखाइम लागू पडतो. रोहनला ध्येय माहीत आहे, त्याच्यासाठी मर्टन जवळचा.

पण तिथेही अडचण आहे. मर्टनच्या पाच पद्धतींत पहिली अनुसरणाची: ध्येयही मान्य, मार्गही मान्य. चौथ्यांदा परीक्षा देणारा मुलगा या पहिल्या खान्यात बसतो, म्हणजे तक्त्याच्या दृष्टीने त्याचं सगळं ठीक आहे. तक्ता वागणं सांगतो, यातना सांगत नाही. निबंधाचा विषय अस्वस्थता आहे, त्यामुळे 'सात जणांना पाच खान्यांत बसवा' एवढ्याने भागणार नाही.

---

रोहन_कळवा

सर, पहिल्या खान्यात बसलेला माणूस आत काय भोगतो ते तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

एक विचारू? तुम्ही नियम मोडल्याचं म्हणता. आमचे नियम तर खरोखरच बदलतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायची ठरलं, २०२३ पासून लागू होणार होतं, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, मग ते २०२५ वर गेलं. मी त्या काळात दोन्ही पद्धतींच्या वह्या काढल्या. ही ॲनॉमी नाही का?

---

वसंत_नौपाडा

नेमकी तीच नाही, रोहन. परीक्षेची पद्धत हा प्रशासनाचा नियम. तो बदलला की चिडचिड होते, नुकसान होतं, पण तो कोणी बदलला, कधी बदलला हे तुला ठाऊक असतं, त्याविरुद्ध रस्त्यावर बसताही येतं. डरखाइम ज्याबद्दल बोलतो तो नियम कोणी काढलेला नसतो, म्हणून तो मोडल्यावर कोणाकडे तक्रार करता येत नाही.

तुझ्या बाबतीत मला दुसरं काही जास्त महत्त्वाचं वाटतं. खुल्या गटाची वयोमर्यादा अडतीस, मागासवर्गीयांची त्रेचाळीस. सरकारच्या हिशेबाने तुला अजून किमान दहा वर्षं आहेत. घरच्यांच्या हिशेबाने किती आहेत?

---

रोहन_कळवा

घरच्यांच्या हिशेबाने संपलीत. आई काही बोलत नाही. बहिणीचं लग्न माझ्यामुळे थांबलंय हे मला कळतं.

थांबायचं कधी हे कोणी सांगत नाही, सर. सोडलं तर चार वर्षं वाया, नाही सोडलं तर पाचवं. जो निवडला जातो तो सांगतो सहाव्या प्रयत्नात झालं, चिकाटी ठेवा. जो सोडून गेला तो भाषण द्यायला येत नाही.

---

मृदुला_नेरूळ

मी वैद्यकीय समाजसेविका आहे, मानसोपचार विभागात काम करते. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली सायलीसाठी. अस्वस्थतेवर मुलाखती घेतल्यास तर कोणी जिवाबद्दल काही बोललं का, आणि बोललं असेल तर तू पुढे काय केलंस, हे निबंधात असो नसो, तुझ्या डोक्यात स्पष्ट असायला हवं. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलाखत संपताना तो प्रत्येकाच्या हातात द्यायचा, फक्त 'ज्याला गरज वाटते' त्याच्या नाही. गरज कोणाला आहे हे आपल्याला चेहऱ्यावरून कळत नाही, हे मी पंधरा वर्षांच्या अनुभवाने सांगते.

दुसरी गोष्ट वसंत सरांना. मला ॲनॉमीपेक्षा मारिएन्थालचा अभ्यास जास्त पटतो. व्हिएन्नाजवळचं गाव, कापडाची गिरणी १९३० च्या आसपास बंद पडली, जवळपास सगळं गाव बेकार झालं. अभ्यासकांना वाटलं होतं, वेळ मोकळा आहे तर लोक वाचतील. उलट वाचनालयातून पुस्तकं नेणंच कमी झालं. पुरुष रस्त्यावरून हळूहळू चालायला लागले. नंतर मारी याहोडा यांनी त्यावरून मांडलं की नोकरी पगाराखेरीज दिवसाला आकार देते, माणसं भेटवते, काहीतरी सामायिक हेतू देते, ओळख देते. ते गेलं की माणूस खचतो. यात 'माप' वगैरे आणायची गरजच पडत नाही.

---

वसंत_नौपाडा

मृदुलाताई, पहिल्या मुद्द्याबद्दल आभार, तो मला सुचायला हवा होता.

दुसऱ्यावर मी पूर्ण सहमत नाही. रोहनची अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. सकाळी सात ते रात्री दहा. ठरलेली खुर्ची, ठरलेला चहाचा वेळ, बाजूला तीच माणसं, सगळ्यांचा हेतू एक. याहोडा यांनी सांगितलेलं जवळजवळ सगळं ही मुलं बाराशे रुपये भरून स्वतः उभं करतात. आणि तरीही त्रास होतोच. मग जे उरतं ते काय आहे? ओळख, हे तुम्ही म्हणाल, आणि 'सध्या काय करतोस' या प्रश्नाचा काच त्यानेच समजतो. पण 'कधी थांबायचं' आणि 'किती पुरे' हे दोन प्रश्न तरीही शिल्लक राहतात, आणि ते मला डरखाइमशिवाय उलगडत नाहीत.

---

मृदुला_नेरूळ

अभ्यासिकेत न जाणाऱ्यांचं काय? माझ्याकडे येतात ती मुलं घरात, बंद खोलीत असतात. त्यांना मारिएन्थाल तंतोतंत लागू पडतं. आपण दोघे दोन वेगळ्या मुलांबद्दल बोलतोय असं मला वाटतं.

---

वसंत_नौपाडा

तसं असू शकेल.

---

मनीषा_वाशी

उशिरा येते आहे. माझं काम आकडेवारीचं आहे, त्यामुळे 'वाढती' या शब्दापाशी थांबले. तर्कनिष्ठ, बेरोजगारी दर वर्षी वाढते आहे हे सरकारी आकडे दाखवत नाहीत. श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ ते २९ वयोगटाचा बेरोजगारीचा दर २०१७-१८ साली १७.८ टक्के होता आणि २०२३-२४ साली १०.२. उतरलेला आहे.

त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. वर्षात तीसेक दिवस काकांच्या दुकानात बसलेला मुलगाही त्यात कामावर असलेला धरला जाऊ शकतो. आणि 'नोकरी शोधत नाही, अभ्यास करतोय' असं सांगणारा रोहनसारखा मुलगा बेरोजगारांत येतच नाही, तो श्रमशक्तीच्या बाहेर जातो. म्हणजे या धाग्यातला मुख्य माणूसच त्या दरात नाही.

जास्त उपयोगी आकडा दुसरा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात तरुण पदवीधरांचा बेरोजगारीचा दर २०२२ साठी २९.१ टक्के दिला आहे, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांचा ३.४. जितकं शिक्षण जास्त, तितकी बेकारी जास्त. शिकलं की नोकरी लागते हा जो आपल्या घराघरांतला नियम, तो मोडल्याचं यापेक्षा सरळ चित्र मला माहीत नाही.

पण सायली, या आकड्यावरून 'म्हणून अ अस्वस्थ आहे' असं लिहू नकोस. गटाच्या दरावरून एका माणसाच्या मनाचं सांगता येत नाही. डरखाइमने दरांवर लिहिलं, तुझ्याकडे सात माणसं आहेत. उलटही तितकंच खरं: सात माणसांवरून 'वाढती' सिद्ध होत नाही.

---

तर्कनिष्ठ

दराबद्दल मी चुकलो, मान्य. पण मग विषयाच्या शीर्षकातच 'वाढती' आहे, ते विद्यार्थ्याने नाकारायचं का?

---

मनीषा_वाशी

नाकारायचं नाही. पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की वाढ झाली की नाही हे माझ्या सामग्रीवरून सांगता येत नाही, त्या अस्वस्थतेचं स्वरूप मात्र सांगता येतं. कुठल्याही परीक्षकाला हे आवडेल.

---

सायली_ऐरोली

दोन दिवस टिपणं घेऊन बसले होते. सरांनी सांगितल्याप्रमाणे 'किती पुरे' शोधलं. सातांपैकी चौघांत आकडा सरकतो. दोघांत सरकत नाही, ते दोघेही रोहनसारखे, एका परीक्षेवर ठाम.

सातवी मुलगी कुठेच बसत नाही. तिला 'ब' म्हणते. बीएस्सी, पंचवीस वर्षांची, रबाळ्याला राहते. तिने पगाराचा आकडा एकदाच सांगितला, अठरा हजार, आणि त्यावरून हलली नाही. वडिलांनी तिला दोन वर्षं दिली आहेत. त्यांतले चौदा महिने गेले. नोकरी लागली तर ठीक, नाही तर स्थळं बघायला सुरुवात. कुठे जायचं, किती वाजता परत यायचं, कुठल्या भागातली नोकरी चालेल, सगळं ठरलेलं आहे. ठाण्याच्या पलीकडे नको, रात्रपाळी नको. ती मला म्हणाली, 'मला सगळं माहीत आहे पुढे काय होणार, म्हणूनच झोप लागत नाही.'

सातांत सगळ्यात जास्त अस्वस्थ तीच वाटली. पण इथे नियम ढिले कुठे आहेत? तिला वगळू का?

---

वसंत_नौपाडा

अजिबात वगळू नकोस.

डरखाइमने आपल्या त्या ग्रंथात आणखी एक प्रकार सांगितला आहे, तोही एका तळटीपेत, जेमतेम काही ओळींत. नियम ढिले पडण्याच्या अगदी उलट टोक: नियम इतके घट्ट की पुढचा रस्ता निर्दयपणे बंद केलेला. त्याला तो दैववादी प्रकार म्हणतो. उदाहरणं देतो ती गुलामांची, फार लवकर लग्न झालेल्या नवऱ्यांची, आणि मूल नसलेल्या विवाहित स्त्रीची. आणि म्हणतो, आजच्या काळात याला फारसं महत्त्व नाही, पुढे जाऊ.

'मला सगळं माहीत आहे पुढे काय होणार' हे 'ब' चं वाक्य त्या तळटीपेत बसतं, ॲनॉमीच्या प्रकरणात बसत नाही. म्हणजे अभ्यासिकेतला मुलगा आणि रबाळ्याची मुलगी, दोघेही पदवीधर, दोघेही बेरोजगार, दोघांनाही झोप नाही, आणि कारणं एकमेकांच्या विरुद्ध. पहिल्या खर्ड्यात तू दोघांना 'निराश' म्हणून एकाच वाक्यात टाकलं होतंस. तो खर्डा फसला तो यामुळे.

निबंधाचा विषय ॲनॉमी आहे, म्हणून 'ब' ला शेवटी एक पूर्ण परिच्छेद दे, संकल्पना इथे थांबते हे दाखवायला.

---

मृदुला_नेरूळ

मला वाटतं रोहनही अर्धा 'ब' सारखाच आहे. दिवस घट्ट बांधलेला, शेवट मात्र मोकळा. तो ॲनॉमी की दैववादी?

---

वसंत_नौपाडा

याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. रोजचा नियम घट्ट आणि आयुष्याचा नियम गायब, असं दोन्ही एकाच माणसात असू शकतं का, यावर डरखाइम काही सांगत नाही. त्याने दोन टोकं मानली, एक आलं की दुसरं नाही.

---

रोहन_कळवा

माझं मला विचाराल तर दिवस घट्ट ठेवतो तो यासाठीच, की रात्री दहानंतरचा विचार येऊ नये. आता हे कुठल्या प्रकारात घालायचं ते तुम्ही ठरवा.

ताई, हे वाक्य वापरायचं असेल तर वापरा. कळवा लिहू नका.

---

सायली_ऐरोली

वापरेन, आणि गावाचं नाव नसेल. थँक्यू रोहन. तुम्हाला तो क्रमांक वेगळा मेसेजही केला आहे. अभ्यासिकेतल्या चौघांना काल जाऊन देऊन आले, बाकीच्यांना आज देते.

नवा परिच्छेद टाकते, सरांनी बघावा:

'अ ने एका तासात अपेक्षित पगाराची तीन उत्तरं दिली. हा विचारांचा गोंधळ मानता येणार नाही, कारण प्रत्येक उत्तराला बाहेरचा आधार आहे: एकाला मिळू शकणाऱ्या कामाचा, दुसऱ्याला घराच्या हप्त्याचा, तिसऱ्याला पदाच्या प्रतिष्ठेचा. या तिघांतलं कुठलं आपल्यासाठी योग्य हे ठरवणारं सामाजिक माप त्याच्यापाशी नाही. त्याच्या वडिलांच्या पिढीपाशी ते होतं असं दिसतं.'

'दिसतं' यावर मनीषाताई खूण करतील हे मला कळत होतं. वडिलांच्या पिढीचं मी ऐकीव लिहीत होते. म्हणून आज संध्याकाळी 'अ' च्या घरी गेले, त्याच्या परवानगीने, आणि वडिलांना तोच प्रश्न विचारला: तुम्ही लागलात तेव्हा किती मिळालं तर पुरे असं वाटायचं?

एक क्षणही न थांबता म्हणाले, 'परमनंट, दिवाळीला बोनस, आणि पोरगा आपल्यापेक्षा पुढे.'

मी विचारलं, पुढे म्हणजे किती पुढे?

ते बराच वेळ बोलले नाहीत. 'अ' आतल्या खोलीत होता, तोही ऐकत होता. मग म्हणाले, 'ते कधी ठरवलं नव्हतं.'

---

वसंत_नौपाडा

सायली, म्हणजे मी चाळीबद्दल लिहिलं ते अर्धंच खरं. स्वतःपुरतं माप त्यांच्याजवळ होतं, मुलासाठी तेव्हाही नव्हतं. 'वडिलांच्या पिढीपाशी ते होतं' असं जे वाक्य आहे ते बदल. माप मोडलं कधी, हा प्रश्न आता १९९० च्या अलीकडचा राहत नाही, आणि त्याचं उत्तर तीन हजार शब्दांत मिळणार नाही. वडिलांचं उत्तर जसंच्या तसं घाल.